पहाटेची होडी आणि तिथीचे गणित

आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या तासाला गेली कित्येक वर्षे एक चित्र हमखास निघते. क्षितिजावर अर्धा सूर्य, पाण्यावर बारीक लाटा, लाकडी होडीतून जाळे टाकणारी दोन माणसे आणि वर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या, समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलांच्या वह्यांतही ते असते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तारीख नसलेला कागद हाती आला की त्याची तारीख शोधण्याची खोड आम्हांस जडलेली आहे. या चित्राची तारीख कोणती, असा प्रश्न आमच्या मनात आला आणि त्याचे उत्तर आम्हांस ग्रंथालयात नव्हे, तर वसईच्या किनाऱ्यावर, वसतिगृहातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या होडीत मिळाले. हे पालक तांडेल आहेत. त्यांची मासेमारी डोलीची.

डोल म्हणजे भल्यामोठ्या शंकूच्या आकाराची जाळ्याची पिशवी. तोंड रुंद, तेथील आस मोठे. शेपटाकडे ती निमुळती होत जाते आणि आस इतके बारीक होतात की जवळासुद्धा निसटत नाही. ही डोल माशांचा पाठलाग करीत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना तिचे तोंड दोरांनी बांधलेले असते आणि मासे आणून देण्याचे काम पाण्याच्या ओढीवर सोपवलेले असते. त्या किनाऱ्यावर भरतीचे पाणी उत्तरेकडे धावते व ओहोटीचे दक्षिणेकडे. ओहोटीत डोलीचे तोंड उत्तरेस, भरतीत दक्षिणेस. या दोहोंच्या मध्ये पाणी काही वेळ स्थिर होते. जाळे ओढायचे ते त्याच वेळात आणि उलट दिशेने पुन्हा सोडायचे तेही त्याच वेळात. म्हणून या कोळ्यांची पहाट सूर्य ठरवीत नाही. ती चंद्र ठरवतो.

त्याचे गणित जुने व सोपे आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा वाजता. त्याच्या आधी व नंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. छापील भरती-कोष्टकाशी ताडून पाहिले तर या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि तो बहुधा वेळ पुढे ढकलणारा असतो. परंतु घरातून कधी निघावे हे ठरवण्यास तो पुरेसा आहे. पौर्णिमेला वंदनेसाठी पहाटे उठणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना फार मौज वाटली: ती सभागृहात बसतात त्याच सुमारास तिकडे ओहोटीचे पाणी थांबत असते.

आता चित्राकडे वळू. पहाटे पाणी थांबते ते पंधरवड्यातून दोन वेळा. एकदा पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे दोन-तीन दिवस, तेव्हा ओहोटी पूर्ण झालेली असते. आणि एकदा अष्टमीच्या आसपास, तेव्हा भरती पूर्ण झालेली असते. पैकी अष्टमीचे दिवस भांगाचे. उधाणाला पाण्याची चढ-उतार चार मीटरच्या आसपास होते. भांगाला ती निम्म्याहून कमी. पाण्याला ओढच नसेल तर डोलीत मासे ढकलणार कोण? त्या दिवसांत तांडेल जाळी शिवतात, दोर तपासतात, लग्नकार्ये उरकतात. तेव्हा डोलीची होडी चित्रात असेल तर ते दिवस उधाणाचे, हे निश्चित.

महिना पक्षी सांगतात. ज्यांना आपण सरसकट समुद्रपक्षी म्हणतो ते कुरव पावसाळ्यानंतर येतात. त्यांतील तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकाठी होते. गंमत अशी की हिवाळाभर त्याचे डोके तपकिरी नसतेच. ते पांढरे असते, कानामागे एक काळसर ठिपका तेवढा असतो. डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागली की समजावे, फाल्गुन आला आणि पाहुण्यांची परतीची वेळ झाली. वैशाखी पौर्णिमेच्या पहाटे होडी असते, ओहोटी असते, पण आकाश जवळजवळ रिकामे असते. पुढे १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद. म्हणजे मुलांच्या चित्रातील सकाळ कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांतील, उधाणाच्या दोन-तीन दिवसांपैकी एक.

आम्ही गेलो ती पौष वद्य द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी सव्वासातच्या पुढे ओहोटी पूर्ण. आम्ही अंधारात निघालो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगाला झोंबत होता. खुंटांपाशी पोहोचलो तेव्हा बोये पाण्याच्या ओढीने जवळजवळ बुडालेले होते. तांडेल काही न बोलता त्यांच्याकडे पाहत राहिले. हळूहळू ते वर आले, सैल झाले. होडीशेजारून वाहणारा फेस जागच्या जागी थांबला. "आता," एवढेच ते म्हणाले.

पुढचा अर्धा तास आम्ही केवळ अडगळ होतो. चार खलाशी शेपटाकडचा दोर धरून डोल वर खेचत होते. उशीर झाला तर उलट्या पाण्यात जाळे स्वतःभोवती पिळवटते, खुंटाला अडकते, फाटते. आणि नव्या जाळ्याचा खर्च एका हंगामात भरून निघत नाही. शेपूट वर येऊ लागले तसे कुरव कोठूनसे जमले. त्यांना खोल बुडी मारता येत नाही. पृष्ठभागावर आलेले, आसांतून निसटलेले मासे तेवढे ते टिपतात. म्हणून ते होडीभोवती नव्हे, तर नेमके जाळ्याच्या शेपटावर फिरत होते.

गाठ सोडली आणि होडीत चकाकणारा ढीग पडला. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा. त्यांत प्लास्टिकच्या पिशव्याही बऱ्याच. आणि त्या ढिगात पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढी पापलेटची पिल्ले. २०२३ मध्ये ज्याला राज्यमासा घोषित केले तोच हा मासा. त्याची किमान लांबी शासनाने ठरवून दिली आहे, परंतु बारीक आसाची डोल लांबी मोजत नाही. आम्ही एक पिल्लू उचलून पाण्यात टाकू लागलो तर तांडेलांनी मान हलवली. शेपटातील दाबानेच ती मरतात. परत टाकली तर केवळ कुरवांची धन होते. आस मोठे का करीत नाही, असे आम्ही विचारले. "सर, मग जवळा जातो. आणि पोराच्या वह्या-पुस्तकांचे पैसे जवळ्यातून येतात," ते म्हणाले. थोडे थांबून त्यांनीच पुढे सांगितले की त्यांच्या वडिलांच्या काळी याच खुंटांवर येणारे पापलेट दोन हातांनी उचलावे लागत, आणि ही पिल्ले जगली असती तर दिवाळीपर्यंत जवळ्याच्या कित्येक टोपल्यांची किंमत एकेकाने दिली असती. हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते. पण शेजारच्या खुंटावरील डोलीचे आस बारीकच राहणार असतील, तर एकट्याने मोठे करून पिल्ले वाचतात ती शेजाऱ्याच्या जाळ्यासाठी.

यावर इतिहासाच्या शिक्षकाजवळ उत्तर नव्हते. बोलण्यास वेळही नव्हता. बोये दक्षिणेकडून उत्तरेकडे कलू लागले होते. खलाशांनी शेपटाची गाठ पुन्हा आवळली, डोलीचे तोंड दक्षिणेस करून ती पाण्यात सोडली. किनाऱ्यावर बायका वलांडीवर बोंबील टांगण्यासाठी टोपल्या घेऊन उभ्या असतील, म्हणून तांडेलांनी इंजिन सुरू केले. कुरव तोवर उठून शेजारच्या होडीवर गेले होते. तिचे जाळे अजून वर यायचे होते.