दहा रुपयांच्या नाण्याएवढा चंद्र

फोटोत चंद्र चिकटवायचा म्हटलं की बहुतेक लोक तो ताटाएवढा चिकटवतात. आठवणीतला चंद्र मोठाच असतो ना! प्रत्यक्षात आकाशात तो फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळी समोर धरली, तर तिच्या नखामागे पौर्णिमेचा अख्खा चंद्र लपतो. खोटं वाटत असेल तर आज रात्री करून बघा.

मी लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून देते. गेल्या वर्षी एका मैत्रिणीने तिच्या आजीचा फोटो पाठवला. पुण्यातली गच्ची, जानेवारीतली संकष्टी, हातात नैवेद्याचं ताट. फोटो मागून, थोडा डावीकडून काढलेला, त्यामुळे आजींचा एक गाल आणि पूर्वेकडे लागलेली नजर दिसते. आकाशात मात्र काहीच नाही. त्या रात्री ढग होते. आजींनी बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी कॅलेंडरातल्या चंद्रोदयाच्या वेळेवर विश्वास ठेवून ताट ओवाळलं. ती त्यांची शेवटची संकष्टी ठरली. "तिला दिसला नाही गं तो," मैत्रीण म्हणाली. "निदान फोटोत तरी टाक."

न दिसलेला चंद्र दाखवायचा, म्हणजे खोटंच की. पण ढगाआड तो कुठेतरी होताच, आणि नेमका कुठे होता ते काढता येतं. मी ठरवलं, टाकायचा तर तिथेच टाकायचा. दुसरीकडे नाही, आणि मोठाही नाही.

फोनने काढलेल्या फोटोत वेळ नोंदलेली असते. इथे रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं. तारीख, वेळ आणि पुणे एवढं Stellarium मध्ये भरलं की त्या क्षणाचं आकाश समोर येतं. चंद्रोदय होऊन पाऊण तास उलटून गेला होता. चंद्र पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, क्षितिजापासून साधारण बारा अंशांवर होता. कॅमेरा नेमका कुठे रोखलेला होता, हे उपग्रहाच्या नकाशावर त्या गच्चीचा कठडा आणि समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी शोधून कळलं. टाकीच्या डावीकडे चंद्र यायला हवा होता. आजी तिकडेच बघत होत्या.

आता हे बारा अंश फोटोत कसे मोजायचे? आधी क्षितिजाची रेघ लागते. शहरात क्षितिज दिसत नाही, पण ते नेहमी कॅमेऱ्याच्याच उंचीवर असतं. सपाट गच्चीवर फोन जमिनीपासून जितका उंच धरला असेल, तितक्याच उंचीवर समोरच्या प्रत्येक वस्तूला ती रेघ छेदते. इथे फोन आजींच्या हनुवटीच्या उंचीवर होता, म्हणजे क्षितिज त्यांच्या हनुवटीतून जात होतं. आजी कॅमेऱ्यापासून सुमारे तीन मीटरवर होत्या. तीन मीटरवर बारा अंश म्हणजे जवळपास चौसष्ट सेंटिमीटर. हनुवटीपासून तेवढं वर, म्हणजे डोक्याच्याही बरंच वर, चंद्राची जागा आली. ती आजींच्या नजरेशीही जुळत होती. मान फारशी मागे गेलेली नव्हती, फक्त डोळे थोडे वर होते. चंद्र आणखी वर ठेवला असता तर त्या भलतीकडेच बघत आहेत असं वाटलं असतं.

आकाराचा हिशोब तर त्याहून सोपा. अर्धा अंश म्हणजे अंतराचा साधारण एकशे दहावा भाग. माणूस तीन मीटरवर असेल, तर त्याच्या शेजारी चंद्र पावणेतीन सेंटिमीटरचा दिसतो, म्हणजे त्याने हातात धरलेल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढा. फोनच्या नेहमीच्या लेन्सने काढलेल्या, चार हजार पिक्सेल उंचीच्या या फोटोत तो भरला जेमतेम सत्तावीस पिक्सेल. "एवढुसा?" मैत्रीण म्हणाली. मोठा चंद्र खऱ्या फोटोतही मिळतो, पण त्यासाठी माणसापासून लांब जाऊन दुर्बिणीसारख्या लेन्सने फोटो काढावा लागतो. तीस मीटरवरच्या माणसाशेजारी तोच चंद्र सत्तावीस सेंटिमीटरचा, डोक्याहून मोठा दिसतो. पण मग कठडा, टाकी, मागची इमारत हे सगळंही तसंच जवळ ओढल्यासारखं दिसतं. जवळून काढलेल्या फोटोत लांबून काढलेला चंद्र आला की डोळ्याला लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

मग कला. वद्य चतुर्थीचा चंद्र पूर्ण गोल नसतो. त्याचा साधारण ८७ टक्के भाग उजळलेला असतो. पण कापलेली कड कोणत्या बाजूला? इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात ती बहुधा उजवीकडे असते, कारण तो चंद्र आकाशात उंच चढल्यावर टिपलेला असतो. उगवताना गोष्ट वेगळी. वद्य पक्षात सूर्य चंद्राच्या मागोमाग पूर्वेकडून वर येणार असतो, म्हणजे रात्री तो पूर्वेच्या क्षितिजाच्या बराच खाली असतो. उजेड खालून येतो, म्हणून अंधारी कड वर जाते. आपल्याकडे, विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ, चंद्र जवळजवळ सरळ वर चढतो, आणि जानेवारीतल्या त्या रात्री ती कड अगदी माथ्यावर होती. सत्तावीस पिक्सेलांत ती भरते तीन-चार पिक्सेल. माथा किंचित दाबल्यासारखा, बस्स. तो अंधारा भाग काळा रंगवायचा नाही. तिथे मागच्या आकाशाचाच रंग दिसतो. थर Screen प्रकाराने मिसळला की हे आपोआप साधतं, कारण त्यात फक्त उजेड मिळवला जातो, अंधार नाही.

शेवटचा मोह डागांचा. चंद्रावरचा ससा दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण चंद्रावर ऊन पडलेलं असतं, आणि गच्चीवर होता एक दिवा. त्या दिव्यात आजींचा गाल दिसेल इतका उजेड फोनने गोळा केला, म्हणजे चंद्राचा तर हजारो पटींनी जास्त गोळा झाला असता. डाग धुऊन जाऊन पांढरा ठिपकाच उरला असता. म्हणून मी तो पांढराच ठेवला, कडेला थोडा पिवळसर, आणि पातळ ढगाआडून दिसतो तसा भोवती मंद उजेड दिला. फोटोत जितके रवाळ कण होते तितकेच चंद्रावर टाकले. टाकीजवळून जाणारी केबल त्याच्यापुढून नेली. आजींच्या खांद्यावर मात्र चांदणं टाकलं नाही. जिन्याच्या दारावरच्या दिव्यापुढे चांदण्याचा पाडच लागत नाही.

मैत्रिणीला दोन फाइली पाठवल्या. एक मूळ, एक चंद्राची, आणि दुसरीच्या नावातच "चंद्र नंतर टाकला" असं लिहिलं. दहा मिनिटांनी तिचा फोन आला. तिच्या आईने फोटो पाहिला होता, मोठा करून, टाकीजवळ बोट नेऊन. "आई विचारतेय," ती म्हणाली, "ढग नसते तर इथेच दिसला असता का?"

हो म्हटलं. इथेच, आणि एवढाच.