माझ्या बातमीमुळे दादाला बसलेला भुर्दंड

चार वर्षांपूर्वी आमच्या पेपरात मी चौकट लिहिली होती, 'नातेवाइकांकडून मिळालेली भेट करमुक्त'. माहिती खरी होती, पण अर्धीच. दादानं ते कात्रण जपून ठेवलं, हे मला परवा कळलं.

दादा कॉलेजात शिकवतो, जुन्या करपद्धतीत 30 टक्क्यांच्या टप्प्यात आहे. दीड वर्षापूर्वी त्यानं भाड्यानं दिलेला फ्लॅट बक्षीसपत्र करून वहिनीच्या नावे केला. मुद्रांक शुल्कात राहत्या घरासाठी पती-पत्नीला 200 रुपयांची सवलत आहेच. वहिनीला दुसरं उत्पन्न नाही, म्हणजे भाड्यावर कर शून्य, असा त्याचा हिशेब.

भेट मिळाली म्हणून वहिनीला कर लागला नाही, तेवढं बरोबर. पण बायकोला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. याला 'क्लबिंग' म्हणतात. घराच्या बाबतीत तर कर आकारणीपुरता मालक दादाच राहतो, सातबारा असो वा सोसायटीचा दाखला, कागदावर नाव कुणाचंही असो.

महिना भाडं 15,000, वर्षाचं 1,80,000. घरपट्टी सोडून देऊ. 30 टक्के वजावट गेल्यावर उरले 1,26,000. ते दादाच्या उत्पन्नात आले, 30 टक्के कर आणि 4 टक्के सेस धरून 39,312 रुपये. गेल्या वर्षी वहिनीनं ते स्वतःच्या विवरणपत्रात दाखवलेले. नोटीस यायच्या आत सीएच्या लक्षात आलं म्हणून बरं. दादाला अद्ययावत विवरणपत्र भरावं लागलं, कर आणि व्याज, शिवाय त्या दोन्हींच्या बेरजेवर 25 टक्के जादा.

"तुझी बातमी वाचूनच केलं रे," एवढंच म्हणाला. वहिनी काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

उद्या फ्लॅट विकला तर नफाही दादाच्याच नावे मोजला जाणार. मात्र भाड्याचे पैसे वहिनीनं एफडीत टाकले, तर त्या एफडीचं व्याज तिचं स्वतःचं. क्लबिंग मूळ भेटीच्या उत्पन्नाला लागतं, त्या उत्पन्नावरच्या उत्पन्नाला नाही. सासऱ्यानं सुनेला दिलं तरी क्लबिंग आहे. सज्ञान मुलाला दिलं तर नाही.

चौकटीत आणखी एक राहून गेलं होतं. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच. कर कायद्यात तो नातेवाईक नाही! काकानं पुतण्याला दिलं तर करमुक्त, पण चुलतभावानं 60,000 दिले तर 50,000 ची मर्यादा ओलांडली म्हणून वरचे दहा नव्हे, सगळे 60,000 करपात्र. लग्नात दिले असते तर चाललं असतं.

ज्यांनी ती चौकट वाचून बायकोच्या नावे काही केलंय, त्यांनी यंदाचं विवरणपत्र भरण्याआधी आपल्या सीएला बक्षीसपत्र दाखवा. पेपरात दुरुस्ती या रविवारी देतोय.