पहिला दिवस कोणता?

नऱ्ह्यात आमचं छोटं मशीन शॉप आहे. ते आज चालू आहे, याचं बरंचसं श्रेय आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका काकांना आहे. एका मोठ्या कारखान्याच्या पर्चेस विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली. माझ्यासारख्या लहान पुरवठादारांना ताटकळत ठेवणं हेच आपलं काम होतं, असं ते स्वतःच सांगत.

२०१८ साली एका बड्या कंपनीची ऑर्डर मिळाली, महिन्याला चार लाखांच्या जॉबची. पीओवर पेमेंट नव्वद दिवसांनी असं होतं. ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात मी सही केली. चौथा महिना उजाडला तरी पहिलं बिल अडकलेलंच होतं. पोलाद रोखीनं आणायचं, पगार महिन्याचे महिन्याला द्यायचे, आणि न मिळालेल्या पैशांवरचा जीएसटीही वेळेत भरायचा. त्या दिवाळीत कामगारांना बोनस उशिरा दिला आणि कारण खरं सांगितलं नाही.

काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी पीओ उलटसुलट पाहिली. म्हणाले, "किती दिवस ते नंतर बघ. पहिला दिवस कोणता ते वाच." तिथे जीआरएनच्या तारखेपासून असं होतं. माल गेटवर उतरल्यावर ती नोंद कधी करायची, हे कंपनीच्या हातात. पुढे पेमेंटही महिन्यातून दोनच दिवशी निघायचं. माझे नव्वद दिवस एकशे बारा का होत होते, ते तेव्हा समजलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करारातसुद्धा पंचेचाळीस दिवसांच्या पुढे ढकलता येत नाहीत, हा कायदा २००६ पासून आहे, हेही मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे नोंदणीच नव्हती. झालेल्या करारावर आता भांडू नकोस, पुढच्याच्या आधी नोंदणी कर, एवढंच ते म्हणाले.

दुसरी मोठी ऑर्डर २०२४ मध्ये आली. तोवर उद्यम प्रमाणपत्र हातात होतं. काकांनी कोटेशन पाठवण्याआधी मला बसवलं. "रेट ठरेपर्यंत पर्चेसवाला तुझं ऐकतो. पीओ निघाली की तू अकाउंट्सचा." मग वहीत हिशेब मांडला. महिन्याला चार लाखांचा माल, म्हणजे नव्वद दिवसांत बारा लाख अडकतात, पंचेचाळीसमध्ये सहा. सुटलेल्या सहा लाखांवर बँकेचं बारा टक्के व्याज वर्षाला बहात्तर हजार. मी उत्साहानं म्हणालो, "मग पंचेचाळीससाठी एक टक्का सूट देऊ?" काका चिडले. कायद्यानं जे मिळतं त्यासाठी सूट कशाला? त्याच्या खाली, तीस दिवसांना, दे. तिथे आणखी दोन लाख सुटतात, महिन्याला दोन हजार व्याज वाचतं. ते चार लाखांचा अर्धा टक्का. त्याहून जास्त सूट दिलीस, तर बँकेपेक्षा महाग पैसा घेतलास.

कोटेशनमध्ये दोन रेट लिहिले, पंचेचाळीस दिवसांचा आणि तीसचा. नव्वदचा उल्लेखच नाही. पर्चेसमधल्या अधिकाऱ्यांनी "आमची पॉलिसी नव्वदची आहे" हे अपेक्षित वाक्य ऐकवलं. मी प्रमाणपत्र पुढे केलं आणि काकांनी शिकवलेलं एवढंच बोललो: आमच्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीला मिळतो, आयकराचा हा नियम याच एप्रिलपासून आलाय, तुमच्या फायनान्सला विचारून बघा. आवाज चढवला नाही. (चढवायची हिंमतही नव्हती.) आठवड्यानं तीस नाकारले गेले, पंचेचाळीस मान्य झाले.

मसुद्यात मात्र पुन्हा जीआरएनच होतं. ते बदलून चलनावरच्या गेटच्या शिक्क्याची तारीख घालायला सांगितली. मालाबद्दल तक्रार असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवावी, ही ओळही घातली. कायद्यात हेच आहे, त्यामुळे फार ताणलं गेलं नाही.

सही झाल्यावर पेढे घेऊन गेलो, तर काकांनी व्हेंडर कोडचा कागद मागितला. त्यावर मुदतीच्या रकान्यात नव्वदच! करारात काहीही असो, अकाउंट्सचा संगणक त्या रकान्याप्रमाणे पैसे सोडतो. पहिलं बिल जाण्याआधी तो दुरुस्त करून घेतला. पहिलं पेमेंट त्रेचाळिसाव्या दिवशी आलं.

ते सांगायला गेलो तेव्हा काकांनी चहा पुढे केला आणि सहज विचारलं, "तुझ्या प्लेटिंगवाल्याला किती दिवसांनी देतोस रे?"

मी त्याला पंचाहत्तर दिवसांनी देत होतो. त्याची नोंदणी आहे की नाही, हेही कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याला फोन केला.