पांचवा रकाना

साताऱ्यास प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम शिकणारी माझी पुतणी सुटींत सांगलीस आली, ती जंतूंचा तक्ता घेऊनच. आकार, रंजन, रोग, उपचार असे चार रकाने. क्षय व कुष्ठ यांच्या ओळींत पहिले दोन रकाने सारखेच : काडीसारखा आकार, झील-नील्सन रंजनांत लाल.

“काका, हें पाठ करणें किती सोपें!”

“पण आम्ल किती?” मीं विचारलें.

कार्बोल-फुक्सिनचा लाल रंग आम्लानें धुतला, तरी या दोन जंतूंवर टिकतो. मात्र क्षयजंतु शेंकडा २० गंधकाम्ल सोसतो, कुष्ठजंतूला ५ चेंच लागतें. तरुणपणीं नोकरींत असतां एका रोग्याच्या कानाच्या पाळींतील नमुना मीं थुंकीच्या नमुन्यांबरोबर २० च्या आम्लानेंच धुतला आणि ‘जंतु नाहींत’ असें लिहून दिलें. डॉक्टरांना संशय आला. नवा नमुना ५ च्या आम्लानें धुतला, तों लाल काड्यांचे पुंजके दिसले! त्या कागदावर विसंबून डॅप्सोन, रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन लांबलीं असतीं, तर त्याच्या बोटांची उरलेली संवेदनाही कदाचित् गेली असती.

पुतणीनें मुकाट्यानें पट्टी घेतली व तक्त्यांत पांचवा रकाना आंखला.