कडेवरचा तुकडा

बायोप्सी हा शब्द आमच्या घरात एकदाच आला होता, मामाच्या आजारपणात, आणि तो कॅन्सरचं बोट धरूनच आला होता. त्यामुळे केस गळतात म्हणून गेलेल्या मला त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा बायोप्सी सुचवली तेव्हा मी आधी तेच विचारलं. "कॅन्सरसाठी नाही हो," डॉक्टर म्हणाल्या, "केस मुळाशी का मरतायत ते बघायचंय."

केसगळतीच्या बहुतेक तक्रारींना या तपासणीची गरज पडत नाही. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर होणारी गळती, पुरुषांचं ठरावीक पद्धतीचं टक्कल, चाई, हे सगळं बहुधा इतिहास विचारून, भिंगातून बघून आणि लागलं तर रक्त तपासून कळतं. माझं तसं नव्हतं. माथ्यावर नाण्याएवढा चट्टा होता आणि तो काचेसारखा गुळगुळीत होता. केस जिथून उगवतात ती बारीक छिद्रंसुद्धा तिथे दिसत नव्हती. शिवाय खाज आणि जळजळ. असं दिसलं की डॉक्टरांना व्रण पाडणाऱ्या टकलाची शंका येते. त्यात केसाचं मूळच नष्ट होतं, गेलेला केस परत येत नाही, म्हणून निदानाची घाई असते.

पुढे सांगणार आहे ती खरं तर माझी दुसरी बायोप्सी. पहिली वर्षभरापूर्वी दुसरीकडे झाली होती. तिथे चट्ट्याच्या बरोबर मधोमध तुकडा घेतला आणि अहवालात आलं, व्रण आहे, केसाची मुळं नाहीत. ते मला आरशातही दिसत होतं! पडलेल्या वाड्याच्या जोत्यावर उभं राहून कोणत्या खोलीत कोण राहत होतं ते सांगा म्हणण्यासारखा प्रकार. रोग चालू असतो तो चट्ट्याच्या कडेला, जिथे केस अजून उभे आहेत पण त्यांच्या बुडाशी लाली आणि पांढरी खवल आहे. नव्या डॉक्टरांनी डर्मोस्कोप डोक्यावर फिरवत असे केस शोधले आणि पेनाने खूण केली.

तयारी फारशी नव्हती. आदल्या दिवशी केस धुवायचे, तेल लावायचं नाही, टक्कल झाकायची पावडर मारायची नाही. स्टेरॉइडचं लोशन त्यांनी आधीच थांबवायला लावलं होतं, कारण त्याने दाह दबला की सूक्ष्मदर्शकाखाली पुरावाही फिका पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, फक्त आधी सांगावं. सुन्न करण्याच्या औषधाचा पूर्वी त्रास झाला असेल तर तेही. माझी एक भर: पुढून बटणं असलेला कपडा घाला. डोक्यावर पट्टी असताना कुर्ता काढणं म्हणजे शिक्षा आहे.

दुखलं ते इंजेक्शन, तेही क्षणभर. टाळूत रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून सुन्न करणाऱ्या औषधात रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळतात आणि त्याचा असर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबतात. मग ४ मिलिमीटर व्यासाचं पंच, म्हणजे धारदार गोल नळी, केसांच्या कलाने तिरकी धरून गोल फिरवत खाली चरबीपर्यंत नेतात. सरळ खुपसली तर मुळं मधेच कापली जातात. आणि वरवर घेतला तर तुकडा वाया, कारण वाढत्या केसाचा कंद चरबीत रुतलेला असतो. माझे दोन तुकडे घेतले, एक उभा कापायला, एक आडवा. आडव्या कापात एकाच वेळी अनेक मुळं दिसतात आणि मोजता येतात. प्रत्येक जागी एक टाका, सगळं मिळून अर्धा तास.

त्या रात्री उशीवर जुना टॉवेल घातला. रक्त आलंच तर स्वच्छ कापड पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचं, मधे मधे उचलून बघायचं नाही. २४ तास कोरडं ठेवून मग सौम्य शांपू आणि टाक्यांवर पेट्रोलियम जेली. सासूबाई तेलाची वाटी घेऊन दोनदा आल्या, दोनदा परत पाठवली. पोहणं आणि जिम टाके निघेपर्यंत बंद. लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला तर मात्र वाट न बघता दाखवायचं. माझे टाके दहाव्या दिवशी निघाले.

अहवाल आला: लायकेन प्लॅनोपिलारिस. शरीराच्याच पांढऱ्या पेशी केसाच्या मुळाच्या वरच्या भागाभोवती गर्दी करून त्याला संपवत होत्या. अहवाल नेहमीच असा स्पष्ट येतो असं नाही, कधी संदिग्धही येतो. माझा आला आणि उपचार सुरू झाले. चट्टा भरलेला नाही, भरणारही नाही, पण आठ महिने तो वाढलेला नाही. टाक्यांच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन खुणा राहिल्या, तिथे केस नाहीत.

तुमच्यावर ही वेळ आली तर पंच लावण्याआधी एवढं जरूर विचारा: "डॉक्टर, तुकडा मधला घेताय की कडेचा?"