सहारची गाडी : वेळ, भाडे आणि उशिरा येणारे विमान

पुण्याहून मुंबईच्या सहार विमानतळावर गाड्या सोडणाऱ्या सेवांच्या जाहिरातीत तीन गोष्टी हमखास असतात : गाडी वेळेवर येईल, भाडे आधी ठरेल तेच राहील आणि विमान उशिरा आले तरी गाडी थांबेल. प्रस्तुत लेखकाने अशाच एका सेवेच्या बुकिंग डेस्कवर काही वर्षे रात्रपाळी केली. या तीन आश्वासनांमागे काय चालते, याची पुढील माहिती बरीचशी त्या टेबलावरची आहे.

कोथरूडहून सहारचे टर्मिनल दोन साधारण दीडशे किलोमीटर पडते. गाडी प्रवाशाला सोडून रिकामी परतली, तर त्या दीडशेचे तीनशे होतात आणि सगळा खर्च एकाच भाड्यातून निघावा लागतो. एकट्या एक्सप्रेस-वेचा मोटारीचा टोल एप्रिल २०२३ च्या वाढीनंतर एका बाजूचा ३२० रुपये झाला. त्यावर सीएनजी, पार्किंग, चालकाचा रात्रीचा भत्ता आणि गाडीची झीज. म्हणून धंद्याचे सगळे गणित जोडणीवर चालते : रात्री सोडायला गेलेल्या गाडीला पहाटे परतीचा प्रवासी मिळाला पाहिजे. डेस्कवर याला ‘ड्रॉपला पिकअप लावणे’ म्हणतात. जाहिरातीतले ठरलेले भाडे परवडते ते या जोडण्या जमतात म्हणून, आणि विमानाला उशीर झाला की पहिली मोडते ती जोडणीच.

सोडायला जाण्याच्या वेळेचा हिशोब उलटा मांडतात. रात्री २.४० चे आंतरराष्ट्रीय विमान असेल, तर प्रवाशाने तीन तास आधी, म्हणजे ११.४० पर्यंत टर्मिनलवर असावे. रस्ता मोकळा असेल तर तीन तास पुरतात. पण हिंजवडी-वाकडची संध्याकाळची गर्दी, खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेला एखादा ट्रक आणि वाशीनंतर मानखुर्द ते छेडानगरपर्यंतची रांग, या तिन्हींना मिळून पाऊण-एक तास ठेवावा लागतो. म्हणून गाडी साडेसातला दारात हवी. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सलग सुट्ट्यांच्या तोंडावर तीच गाडी साडेसहाला लावतात, आणि प्रवासी हमखास विचारतो, ‘अहो, एवढ्या लवकर कशाला?’ वेग वाढवून वेळ भरून काढता येत नाही. एक्सप्रेस-वेवर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात ती बरीच खाली येते, आणि आता कॅमेरे बसल्यापासून चालक तिच्याबाहेर जायला तयार नसतात. वेळेवर पोहोचण्याचे काम जवळजवळ सगळे निघतानाच होते. चालक दहा मिनिटे आधी सोसायटीच्या फाटकाशी आला आहे ना, सीएनजी आधीच भरला आहे ना, एवढे डेस्कने पाहायचे. पंपावरची रांग हे उशिराचे फार साधे आणि फार वारंवार सापडणारे कारण आहे.

सीएनजीची आणखी एक अडचण डिकीत बसलेली असते. टाकी मागे असल्यामुळे परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या चार मोठ्या बॅगा तिथे मावत नाहीत. माणसे किती, एवढेच विचारून गाडी पाठवली की फाटकाशी वाद ठरलेला. म्हणून बॅगा किती आणि गाडीवर कॅरियर आहे का, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घेतात.

ठरलेल्या भाड्यात काय धरले आहे हे जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत नसते, ते ड्युटी स्लिपवर असते. टोल आत की बाहेर, पार्किंग कोणाचे, रात्रीचा भत्ता वेगळा का, जीएसटी धरला आहे का, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तर भाडे खरोखर ठरलेले आहे असे म्हणता येते. ऑक्टोबर २०२४ पासून वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. तरी ‘टोल वेगळा’ म्हणणाऱ्या काही पावत्यांत वाशीची रक्कम त्यानंतरही दिसत राहिली. टोल आत धरलेले भाडे घेणाऱ्याला असली पावती तपासावीच लागत नाही. वाहतूक कोंडीचा भार ठरलेल्या भाड्यात सेवेकडे जातो. घाटात दोन तास गेले तरी आकडा तोच राहतो. वाटेतला थांबा मात्र प्रवाशाचा. ‘चेंबूरला मावशीकडे दोनच मिनिटं’ असे म्हणून घेतलेला थांबा अर्धा तास चालतो, आणि त्याचे पैसे मागितले की ठरलेल्या भाड्याची आठवण करून दिली जाते. हा नियम आधी सांगणे कडू वाटते, पण मध्यरात्री सांगण्यापेक्षा ते बरे.

उशिरा येणाऱ्या विमानासाठी गाडी थांबते, या वाक्यात सगळा अर्थ ‘कधीपासून’ या शब्दात आहे. मोफत थांबण्याचा तास विमानाच्या छापील वेळेपासून मोजला, तर दीड तास उशिरा आलेल्या विमानाचा प्रवासी उतरण्याआधीच देणे लागतो. तो प्रत्यक्ष उतरल्यापासून मोजला तरच आश्वासनाला अर्थ राहतो. उतरल्यावरही इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा यांत पाऊण तास सहज जातो, एकापाठोपाठ मोठी विमाने उतरली तर त्याहून जास्त. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रवाशाला तासाभराची सवलत कमीत कमी लागते. देशांतर्गत विमानाला त्याच्या निम्मी पुरते.

विमानावर लक्ष ठेवणे म्हणजे काय, हे एका रात्रीच्या उदाहरणावरून पाहता येईल. दुबईहून मंगळवारी संध्याकाळी तिथल्या ७.४० ला सुटणारे विमान. प्रवास सुमारे तीन तास दहा मिनिटांचा, भारताची वेळ दीड तास पुढे, म्हणून मुंबईत उतरण्याची वेळ बुधवारी रात्री १२.२०. पहिला घोळ इथेच होतो. प्रवासी फोनवर म्हणतो ‘मंगळवारी रात्री’ आणि तिकिटावर तारीख बुधवारची असते. डेस्कवर कोणी ‘बुधवार रात्र’ असे लिहून घेतले, तर गाडी बरोबर चोवीस तास उशिरा पोहोचते. विमानाचा क्रमांक रोज तोच असतो. त्यामुळे पडद्यावर बुधवारची उड्डाणे उघडली की अजून न सुटलेले विमान निमूटपणे ‘Scheduled’ दाखवते आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. यावर उपाय म्हणून स्लिपवर तीन गोष्टी लिहितात : विमानाचा क्रमांक, सुटण्याची तारीख, आणि ‘मंगळवार संपून बुधवार लागताना’ अशा शब्दांत मुंबईची वेळ.

त्या मंगळवारी विमान ७.४० ऐवजी ९.२५ ला सुटले. उड्डाणाचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांना विमानाचे स्थान बहुतेक वेळा विमानातूनच कळते. प्रत्येक विमान आपला ठावठिकाणा, उंची आणि वेग रेडिओवरून सतत पाठवत असते आणि जमिनीवरची छोटी यंत्रे तो पकडतात. समुद्रावर अशी यंत्रे नसतात. त्यामुळे अरबी समुद्रावर काही काळ दिसणारे विमान हा पुष्कळदा अंदाज असतो. डेस्कला त्याची फिकीर नसते. कामाचा आकडा सुटण्याचा असतो, कारण तो हातात पडला की उतरण्याची वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने सांगता येते. वाऱ्याने आणि वैमानिकाने थोडा वेळ भरून काढला, तर मुंबईवर गर्दी असताना घिरट्या घालण्यात तो परत जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच चालते आणि रांग लवकर हलत नाही.

आपल्याकडे रात्रीचे १०.५५ वाजले असताना विमान सुटल्याची बातमी आली. जोडणी अशी होती : कोथरूडहून साडेसातला निघालेली गाडी ११.१५ ला प्रवाशाला सहारला सोडणार, दुबईच्या प्रवाशाला दीडच्या सुमारास घेणार, पाचच्या आत पुण्यात येणार, आणि दुसऱ्या चालकाच्या हातात जाऊन साडेसहाला औंधहून पुढच्या ड्रॉपला लागणार. आता विमान दोनच्या सुमारास उतरणार, प्रवासी तीनला बाहेर येणार आणि गाडी पुण्यात सव्वासहाला. औंधचे साडेसहा गेले. पण हे अकरा वाजताच कळल्यामुळे औंधला रात्रीच दुसरी गाडी लावता आली. सहारच्या चालकाला ‘अडीचपर्यंत झोपून घ्या’ असा फोन गेला. त्याने गाडी पार्किंगमध्ये लावली, सीट मागे टाकली आणि घड्याळाला गजर लावला. पहाटे चार-पाचच्या सुमारास एक्सप्रेस-वेवर डुलकी हाच सगळ्यात मोठा धोका असतो. विमानाच्या उशिरातून चालकाला मिळालेली तीन तासांची झोप म्हणून फुकट जात नाही. दुबईच्या प्रवाशाला यातले काही कळले नाही. तो २.५० ला बाहेर आला, मोबाइलवरचे परदेशी सिम बंद होते म्हणून विमानतळाच्या वायफायवरून व्हॉट्सॲप केला, खांब क्रमांक कळवला आणि गाडीत बसून लोणावळ्यापर्यंत झोपला. भाडे ठरले होते तेवढेच घेतले.

माग ठेवण्याला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पडद्यावर विमान दिसते, प्रवासी दिसत नाही. न्यूयॉर्कहून दुबईमार्गे येणाऱ्याचे पहिले विमान उशिरा झाले आणि दुसरे चुकले, तर दुसरे विमान मुंबईत अगदी वेळेवर उतरते, ‘Landed’ असे दाखवते आणि चालक रिकाम्या दाराकडे पाहत उभा राहतो. म्हणून जोडविमानाच्या बुकिंगमध्ये दोन्ही क्रमांक घेतात आणि पहिले उतरण्याची वेळ दुसरे सुटण्याच्या वेळेशी ताडून पाहतात. दीड तासापेक्षा कमी अंतर उरले, की प्रवाशाला मेसेज जातो : ‘दुसरं विमान मिळालं की कळवा.’ क्रमांकांचाही एक घोटाळा असतो. एकच विमान दोन-तीन कंपन्यांच्या क्रमांकांनी विकले जाते. तिकिटावरचा क्रमांक पडद्यावर सापडला नाही, तर प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी कोणती हे तिकिटावरच बारीक अक्षरांत छापलेले असते.

दुसरी मर्यादा पावसाळ्यातली. मुंबईवर ढग फाटले की विमाने अहमदाबाद, हैदराबाद किंवा गोव्याकडे वळवतात. माग दाखवणाऱ्या नकाशावर विमान मुंबईवर दोन-तीन चकरा मारते आणि मग नाक फिरवते. ते बहुधा इंधन भरून तासा-दोन तासांत परत येते, पण कधीकधी चालकदलाचे कामाचे तास संपतात आणि विमान सकाळपर्यंत तिथेच राहते. अशा वेळी गाडी किती थांबणार, हे लेखी असावे लागते. लेखक होता त्या सेवेचा नियम होता की विमान वळले की मोफत तास गोठतो. परतीचे उड्डाण चार तासांत जाहीर झाले तर तीच गाडी थांबते, नाहीतर गाडी दुसऱ्या प्रवाशाला देतात आणि मूळ प्रवाशाला त्याच भाड्यात पुढची मोकळी गाडी मिळते. विमान रद्दच झाले, तर सहारला पोहोचलेल्या गाडीचा एका बाजूचा टोल आणि पार्किंग वजा करून बाकीचे पैसे परत करतात.