लगड आणि मोड

आमच्या नगरच्या घरी आजीच्या कडीच्या डब्यात एक पातळ, लांबट वही असे. तीत हिशेब होता तो केवळ सोन्याचा: कोणता दागिना कोणाकडून आला, वजन किती, कस किती. लहानपणी मला ती वही मोठी अरसिक वाटे. तिच्या एका पानावर मात्र ‘लगड, सहा तोळे’ ही ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली होती, आणि त्या खाडाखोडीत आमच्या देशाच्या अर्थकारणाचा एक अध्याय दडलेला आहे, हे मजला पुष्कळ उशिरा कळले.

गोष्ट अशी. आत्याचे लग्न ठरवण्याच्या आशेने आजोबांनी 1962 साली घरातली सारी मोड सराफ बाजारातल्या आमच्या सोनारकाकांकडे नेली आणि आटवून तिची लगड करून ठेवली. तुटक्या बुगड्या, झिजलेले मणी सांभाळण्यापेक्षा एक शुद्ध तुकडा सांभाळणे सोपे, हा त्यांचा साधा हिशेब. त्याच वर्षी चीनचे युद्ध झाले. परकीय चलनाची ओढाताण होती, आणि चोरट्या सोन्याचा धंदा जोरात होता. कारण डॉलरच्या तेव्हाच्या भावाने जगात दहा ग्रॅम सोन्यास सुमारे 54 रुपये पडत, तर आपल्या बाजारात त्याच्या दुपटीहून अधिक. ही मागणी मोडावी म्हणून जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांनी सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. नवा दागिना 14 कॅरटहून अधिक कसाचा घडवू नये, आणि दागिन्यांखेरीज जे सोने प्रौढ माणसाजवळ 50 ग्रॅमच्या वर असेल ते सरकारास कळवावे, असे त्यांत होते.

सहा तोळे म्हणजे सत्तर ग्रॅम. आजोबांनी मुकाट्याने कागद भरला. तेच सोने आटवण्यापूर्वी दागिन्यांच्या रूपात असते, तर कळवण्याची गरजच नव्हती!

पुढे आत्याच्या पाटल्यांचा प्रश्न आला. सोनारकाका म्हणाले, “अण्णा, ह्या सत्तर ग्रॅमात पन्नास ग्रॅम तांबे-रुपे घालावे लागेल. एकशेवीस ग्रॅमच्या पाटल्या होतील. दिसायला भारी, पण उद्या मोडायला आणाल तेव्हा मी सोने धरीन ते सत्तरच.” आजोबांना ते पटेना. शेवटी आजीने स्वतःच्या हातच्या जुन्या पाटल्या जशाच्या तशा लेकीस घातल्या, आणि लगड डब्यातच राहिली. काकांचा मुलगा मात्र त्या वर्षी धंदा सोडून गिरणीत लागला. कित्येक सोनारांच्या घरी त्याहून भयंकर प्रसंग ओढवले, काहींनी जीव दिला. ह्या गोष्टीचा उल्लेख हल्ली कोणी करीत नाही.

1966 मध्ये 14 कॅरटचे बंधन उठले; पण 1968 च्या कायद्याने ओबडधोबड सोने, म्हणजे लगडी, कांबी, पत्रे, तारा, खासगी माणसाने बाळगणेच वर्ज्य केले. दागिने मात्र एका व्यक्तीस दोन हजार ग्रॅमपर्यंत न कळवता ठेवता येत. गंमत ही की दागिन्याचा तुटका तुकडाही कायद्याच्या व्याख्येत दागिनाच होता. म्हणजे मोड निर्दोष, आणि तीच मुशीत उतरली की गुन्हा! आजोबांनी अखेर लगडीचे गोठ करून घेतले. ज्या राज्यास दागिन्यांचा सोस कमी करावयाचा होता, त्याच्याच कायद्याने आमच्या घरी एक दागिना वाढवला.

अमेरिकेत 1933 साली ह्याहून कडक प्रकार झाला. लोकांनी नाणी आणि लगडी औंसास 20.67 डॉलर घेऊन सरकारजमा केल्या, आणि पुढल्याच जानेवारीत सरकारने भाव 35 डॉलर केला. पण तेथेही अंगावरच्या दागिन्यांस हात लागला नाही.

आपला कायदा 1990 मध्ये रद्द झाला. तो मागे घेण्याचा निर्णय जाहीर करणारे अर्थमंत्री मधू दंडवते आमच्या नगरातच जन्मलेले. आजोबा असते तर त्यांनी पेढे वाटले असते. आज लगड बाळगण्यास बंदी नाही. तरी एक गैरसमज घरोघर आढळतो. विवाहितेस 500, अविवाहितेस 250 आणि पुरुषास 100 ग्रॅम ही मालकीची मर्यादा आहे, असे लोक सांगतात. वस्तुतः ती 1994 ची प्राप्तिकर खात्याची सूचना आहे: झडतीत एवढे दागिने जप्त करू नयेत, इतकाच तिचा अर्थ. ह्याहून अधिक असले तर ते कोठून आले हे दाखवता आले पाहिजे. आणि तीत शब्द आहे तो दागिन्यांचा. लगडीस आणि नाण्यांस ती ढाल नाही.

गेल्या वर्षी पत्नीने जुने गोठ मोडून नवे करण्याचा विषय काढला. मी आधी वही काढली. लगडीच्या खोडलेल्या ओळीखाली आजीने लिहिले होते: ‘गोठ, लगडीचे, मूळ माझ्या माहेरच्या बुगड्या व मणी.’ सराफाकडे जुन्याचे वजन आणि कस निराळ्या चिठ्ठीवर लिहून मागितले. तो जरा हसला, पण त्याने लिहून दिले. चिठ्ठी त्याच पानास टाचून ठेवली आहे.